चौदाची अठरा

ऑफिसात तिला सगळे साखरताई म्हणत. हे कौतुक आहे असं तिला बरीच वर्षं वाटत होतं, आणि निम्मं तसं होतंही. तिच्या तोंडून कोणाला वाकडा शब्द गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. कोणी तिच्या पायावर पाय देऊन उभं राहिलं तर 'तुम्हाला काही टोचत नाही ना?' असं विचारून ती हळूच पाय काढून घेईल, अशी तिची ख्याती.

कंपनी पाट्यांची. म्हणजे मोठ्या इमारतींमध्ये माणूस हरवू नये म्हणून ज्या पाट्या लावतात, त्यांची. पुढच्या खोल्यांत त्यांची चित्रं आणि अक्षरं ठरायची, आणि मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर घातलेल्या वर्कशॉपमध्ये त्या कापल्या, रंगवल्या जायच्या. साखरताईचं काम या दोन्हींच्या मधलं. ग्राहकाकडून मजकूर मंजूर करून घ्यायचा, तो वर्कशॉपला द्यायचा, आणि कबूल केलेली तारीख पाळायची. कागदावर हे काम फार सोपं दिसे.

सध्या हातात होतं ते एका नव्या हॉस्पिटलचं काम. चार मजले, दोनशे बारा पाट्या, आणि पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला उद्घाटन. हॉस्पिटलनं मजकुराची यादी वाचून या महिन्याच्या सात तारखेला परत द्यायची होती. तसा करारच होता. यादी आली की वर्कशॉपला तीस दिवस, म्हणजे रविवार सोडून तीस, आणि पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला शेवटची पाटी भिंतीवर. उद्घाटनाच्या आधी तीन दिवस हाताशी. हे सगळं साखरताईनं स्वतः आखलं होतं आणि त्या आखणीवर तिचा जीव होता.

सात तारीख गेली, यादी आली नाही. दहा गेली, पंधरा गेली. मधून मधून हॉस्पिटलकडून काहीतरी टपकायचं, पण ती यादी नसायची, भांडणाचा वास असायचा. हाडांच्या डॉक्टरांना 'हाडांचा विभाग' हे नाव फार घरगुती वाटत होतं. हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं, मुख्य पाटीवर हृदय सगळ्यांत वर हवं, कारण ते थांबलं की बाकीचे विभाग काय करणार? त्यावर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी कळवलं होतं की हृदय एकच असतं, मूत्रपिंडं दोन असतात, तेव्हा विचार व्हावा. लहान मुलांच्या डॉक्टरांना पाटीवर हत्ती हवा होता. आठवड्यानं त्यांना जिराफ हवा झाला.

साखरताईनं चार स्मरणपत्रं पाठवली. चारही इतकी सुरेख की कोणी चौकटीत लावून ठेवावीत. उत्तर एकाचंही आलं नाही.

एकोणीस तारखेला, शनिवारी, वर्कशॉपचे काका तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. काका सहसा पुढच्या खोल्यांत येत नसत. चपलांना रंग लागलेला असतो, असं कारण ते द्यायचे. खरं कारण असं की पुढच्या खोल्यांतल्या लोकांशी बोलून पाटी कापली जात नाही, असं त्यांचं मत होतं.

"पोरी, यादी आली का?"

"येईल काका. सोमवारी नक्की पाठवतील."

"गेल्या कामाची यादीही सोमवारीच येणार होती."

गेल्या वेळचं साखरताईला कोणी सांगायची गरज नव्हती. एका कॉलेजचं काम होतं. कॉलेजनं सतरा दिवस उशीर केला आणि शेवटची तारीख मात्र जागची हलली नाही, कारण ती हलवायला हवी हे कॉलेजला कोणी सांगितलंच नाही. ते सांगायचं काम साखरताईचं होतं. तिनं त्याऐवजी चार गोड पत्रं लिहिली आणि मागे वर्कशॉपमध्ये काका आणि त्यांची चार माणसं पाच रात्री जागली. चौथ्या रात्री काकांची डुलकी लागली आणि कापायच्या मशीननं त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक घेतलं. पाट्या वेळेवर लागल्या. कॉलेजनं मालकांना फुलांचा गुच्छ दिला, आणि मालकांनी मोठ्या मनानं तो काकांच्या घरी पाठवून दिला.

"हे बघ," काका म्हणाले, "मला पलीकडच्या फर्निचरवाल्यांनी बोलावलंय. सहाला मशीन बंद, रविवारी सुट्टी. मी त्यांना सोमवारी संध्याकाळी सांगतो म्हटलंय. तू मला तेवढ्यात खरी तारीख सांग. खरी म्हणजे दिवसा काम करून होईल ती. तशी नसेल तर मी चाललो. रागावून नाही बरं का. पण मी चाललो."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला येत होतं. ते नुसते उभे होते, आणि बोट गेलेला हात त्यांनी सवयीनं खिशात घातला होता. काका गेले तर वर्कशॉपला कुलूप लागेल हा भाग वेगळा. ते गेले तर ते आपल्यामुळे गेले, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि ते तिला सोसवलं नसतं.

ती तडक मालकांकडे गेली. मालक भला माणूस. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, 'होऊन जाईल', आणि ते इतक्या विश्वासानं म्हणत की ऐकणाऱ्याला घटकाभर खरंच वाटायचं.

"मालक, हॉस्पिटलला सांगावं लागेल. चौदा तारीख जमणार नाही."

मालकांनी चष्मा काढला. "सांगायचं म्हणजे... सांगायचंच?"

"सांगायचंच."

"अहो, उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या असतील त्यांच्या. थोडं गोड बोलून यादी काढून घ्या ना. तुम्हाला काय अवघड आहे! मग इकडे काय ते होऊन जाईल."

"इकडे म्हणजे काका," साखरताई म्हणाली.

मालकांनी चष्मा परत घातला. सोमवारी अकराला आपणही बरोबर येऊ, असं त्यांनी कबूल केलं. ते धीर द्यायला येणार होते की अडवायला, हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी साखरताई जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली. नवरा कामानिमित्त गावाला गेलेला, त्यामुळे समोर सासूबाई. सासूबाई तीस वर्षं टेलिफोन खात्यात होत्या, त्यातली शेवटची बारा वर्षं ट्रंक कॉलच्या, म्हणजे परगावी जोडून द्यायच्या तीन मिनिटांच्या फोनच्या, टेबलावर मुख्य म्हणून. तीन मिनिटांत निरोप सांगून न झालेला माणूस त्यांच्या लेखी फुकट गेलेला.

"आई, मी म्हणते, तुम्ही ऐका. तुम्ही हॉस्पिटलच्या प्रशासकबाई आहात असं समजा."

"समजले. बोल." सासूबाईंनी वाटाण्याच्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

साखरताईनं घसा साफ केला. "नमस्कार मॅडम. आधी तुमचा अमूल्य वेळ घेतेय त्याबद्दल माफ करा. तुम्ही सगळे किती कामात आहात याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे, आणि अशा वेळी हा विषय काढणं खरं तर बरं दिसत नाही, पण पाट्यांच्या संदर्भात एक छोटीशी, म्हणजे अगदी मोठी नाही, पण जराशी अडचण उद्भवण्याची शक्यता..."

"तीन मिनिटं झाली," सासूबाई म्हणाल्या. "फोन कटला."

"अहो, एकच मिनिट झालंय!"

"मला तीन वाटली. त्यात तू दोनदा माफी मागितलीस आणि तारीख एकदाही सांगितली नाहीस. मी हॉस्पिटलची बाई असते तर मला वाटलं असतं, या मुलीला रजा हवी आहे."

"एकदम तारीख तोंडावर कशी मारायची, आई? त्या दुखावतील."

सासूबाईंनी शेंग सोलली. दाणे भांड्यात, साल बाजूला. "आमच्याकडे ट्रंक कॉल लागायला उशीर असला की नवीन मुली म्हणायच्या, 'थोडा वेळ थांबा हं.' माणूस बिचारा दिवसभर फोनजवळ बसून राहायचा. मी त्यांना शिकवलं, 'चार तास लागतील' म्हणून सांगा. शिवी देईल. देऊ दे. पण शिवी देऊन तो आपल्या कामाला तरी जाईल. तू त्या बाईला गोड बोलून फोनजवळ बसवून ठेवलंयस."

साखरताईला हे झोंबलं. सासूबाईंचं बोलणं तिला क्वचितच झोंबायचं, कारण त्या बहुतेक वेळा तिच्याच बाजूनं बोलत. आताही बोलत होत्या, म्हणून जास्तच झोंबलं.

तिनं वहीचं पान फाडलं आणि नव्यानं मांडायला घेतलं. या वेळी आधी दिवस मोजले. आठ तारखेपासून मोजायचं. उद्या भेट, परवाचा दिवस डॉक्टरांना गोळा करायला, बुधवारी तेवीसला सगळ्यांनी एकत्र बसून यादी संपवली, तरी चौदा कामाचे दिवस बुडाले. काहीच केलं नाही तर अकरा तारखेचं काम सत्तावीसला पोचतं. मग ती शोधायला लागली, यातले भरून किती काढता येतील? जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, बाहेर पडायचे रस्ते, मजल्यांचे आणि खोल्यांचे नंबर, या एकशे वीस पाट्यांवर कुणाचंच भांडण नव्हतं. जिन्याला जिनाच म्हणायचं यावर हृदय आणि मूत्रपिंड दोघांचंही एकमत. त्या मंगळवारीच मशीनवर चढवल्या तर चार दिवस वाचले. सगळ्या पाट्या तयार होईपर्यंत न थांबता एकेक मजला तयार होईल तसा लावत गेलं तर आणखी चार. आठ वाचले. सहा नाही वाचत. पेन घेऊन तिनं ते सहा दिवस खूप वेळ पाहिले, पण दिवसाउजेडी त्यांचं काही होत नव्हतं. शेवटची पाटी अठरा तारखेला.

"अठरा," ती मोठ्यानं म्हणाली.

"आता ऐकू आलं," सासूबाई म्हणाल्या आणि वाटाणे घेऊन आत गेल्या.

सोमवारी अकराला प्रशासकबाईंच्या खोलीत रंगाचा वास होता, आणि भिंतीला टेकून अजून न उघडलेल्या खुर्च्या उभ्या होत्या. बाई पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, टेबल लखलखीत. टेबलावर दोन ट्रे होते. एकावर चिठ्ठी, 'आज'. दुसऱ्यावर चिठ्ठी, 'सवडीनं'. आजच्या ट्रेमध्ये तीन कागद होते. सवडीच्या ट्रेमध्ये वीतभर गठ्ठा.

मालकांनी हवापाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. ते इमारतीच्या कौतुकापर्यंत पोचले, पार्किंगच्या कौतुकाकडे वळले, आणि साखरताईला कळलं की हे असंच चालू राहिलं तर बारा वाजतील.

"मॅडम," ती म्हणाली, "पाट्या चौदा तारखेला पूर्ण होणार नाहीत. अठरा तारखेला होतील."

मालक पार्किंगच्या मध्यात थांबले. साखरताईला आपल्याच कानांवर विश्वास बसेना. आपण माफी मागायला विसरलो हे तिच्या लक्षात आलं, आणि आता मागे जाऊन मागावी का, असाही एक विचार येऊन गेला.

"का?" बाई म्हणाल्या.

"यादी सात तारखेला परत यायची होती. आज एकवीस. ती हातात आल्याशिवाय आम्हाला अक्षरं कापता येत नाहीत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सवडीचा ट्रे पुढे ओढला, गठ्ठा उलटा केला आणि तळातून चार कागद काढले. साखरताईनं ते लांबूनच ओळखले. आपलीच पत्रं, छापून घेतलेली, आणि प्रत्येकावर एका ओळीखाली पिवळा पट्टा.

"ही तुमची चार पत्रं. मी वाचते हं. पहिलं. 'आपल्या सवडीनं कळवावं, घाई नाही.' दुसरं. 'आपण कामात असाल, तरी जमेल तेव्हा.' तिसरं. 'आमच्याकडून काहीच अडचण नाही.' चौथं." बाईंनी चष्मा नीट केला. "'उशीर झाला तरी हरकत नाही, आम्ही सांभाळून घेऊ.' हे गेल्या गुरुवारचं. लिफ्टवाले मला दिवसातून दोनदा ओरडतात, म्हणून ते आजच्या ट्रेमध्ये. तुम्ही म्हणालात घाई नाही, म्हणून तुम्ही सवडीच्या ट्रेमध्ये. माझं काय चुकलं?"

साखरताईचे कान लाल झाले. मालकांनी छताकडे पाहिलं आणि तिथल्या दिव्यांची मनातल्या मनात तारीफ सुरू केली. तिच्या डोळ्यांसमोर ती चारही पत्रं लिहितानाची ती स्वतः उभी राहिली, शब्द निवडून निवडून बसवणारी, आणि शेवटी समाधानानं मान हलवणारी. 'आम्ही सांभाळून घेऊ.' यातलं 'आम्ही' कोण, हे लिहिताना तिनं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमचं त्यात काही चुकलं नाही," ती म्हणाली. "घाई होती. घाई नाही असं मी लिहिलं, ती माझी चूक. बुडालेल्या दिवसांतले काही माझ्या नावावर लिहा. पण मॅडम, सात तारीख करारात होती आणि करारावर तुमची सही आहे. तेव्हा काही तुमच्याही नावावर."

बाई किंचित हसल्या. हसू फार वेळ टिकलं नाही, पण आलं होतं.

"खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही घाई नाही लिहिलंत, तेव्हा मला हायसंच वाटलं. यादी माझ्याकडे नऊ तारखेला पोचली होती, सात डॉक्टरांच्या सात वेगळ्या खुणांसकट. एकाचं ऐकलं की दुसरा माझ्या दारात. ते सगळे मोठे डॉक्टर. मी त्यांना काय सांगणार की बस झालं? मग म्हटलं राहू दे ट्रेमध्ये. आपोआप मिटेल."

"मिटलं का?"

"जिराफाचा आता पेंग्विन झालाय."

त्या दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एका ट्रेच्या दोन बाजूंना बसून दोघींनीही एकच काम केलं होतं, आणि ते त्यांना एकाच वेळी कळलं. मालकांना मात्र काहीच कळलं नाही. वातावरण जरा निवळलं एवढंच दिसलं, आणि ते पुन्हा खुर्चीत मागे टेकले.

साखरताईनं वहीतला कागद टेबलावर ठेवला. "काहीच केलं नाही तर काम सत्तावीस तारखेला संपतं. हे केलं तर अठराला. भांडण नसलेल्या एकशे वीस पाट्या तुम्ही आज सही करून द्या, उद्या सकाळी मशीनवर जातील. उरलेल्या ब्याण्णवसाठी बुधवारी एक तास. सगळे डॉक्टर एका खोलीत, यादी पडद्यावर, मी एकेक ओळ वाचणार. आणि शेवटची सही एकाच माणसाची, सात जणांची नाही. त्यानंतर बदल नाही. चौदा तारखेला खालचे दोन मजले पूर्ण तयार असतील, आणि जिने, लिफ्ट, बाहेरचे रस्ते सगळ्या मजल्यांवर. पाहुणे तेवढंच फिरतील. वरच्या दोन मजल्यांवर विभागांच्या दारांवर चार दिवस छापील कागद लावू. नीट, चौकटीत, पण कागद. अठराला त्यांच्या जागी पाट्या."

बाईंनी कागद वाचला. एकदा वरून खाली, मग पेन फिरवत परत एकदा. दोन ठिकाणी प्रश्न विचारले, आणि दोन्ही प्रश्न चांगले होते. एक, खालच्या मजल्यांवरच्या वादाच्या पाट्या आधी घेता येतील का? येतील, बुधवारी त्याच आधी वाचू. दोन, रुग्ण वीसला येणार, तोवर कागद निघालेले असतील ना? असतील, अठरालाच. मग रुग्णांना कागद दिसणारच नाहीत. हे साखरताईच्या लक्षातच आलं नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

पण मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं ठीक आहे. पण मला चौदालाच सगळं द्या ना. आमचे अध्यक्ष चौथ्या मजल्यावर जातात आणि दारावर कागद बघतात, ते मला ऐकवतील. चारच दिवसांचा प्रश्न आहे. तुमच्या माणसांनी चार रात्री काम केलं की झालं."

"होऊन जा..." मालक म्हणाले.

"नाही होणार," साखरताई म्हणाली.

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं ते वाक्य कोणी मध्येच तोडलं होतं.

"मॅडम, आमच्याकडे एकच माणूस आहे जो तुमची अक्षरं कापतो," ती म्हणाली. "गेल्या कामात असाच उशीर झाला होता. मी कोणाला काही बोलले नाही. त्यानं पाच रात्री मशीनवर काढल्या आणि बोटाचं टोक घालवलं. तुमचं हॉस्पिटल आहे, तुम्हाला मी आणखी काय सांगू? रात्री काम होणार नाही. अठरा म्हणजे अठरा."

मालकांनी खाली पाहिलं. मग, आणि हे साखरताईला पुढे कितीतरी दिवस खरं वाटलं नाही, ते हळू आवाजात म्हणाले, "ताई बरोबर बोलतायत. नाही होणार."

प्रशासकबाईंनी फोन उचलला. आधी हाडांच्या डॉक्टरांना लावला. "बुधवारी तीन वाजता, सभागृहात. पाट्यांची यादी. नाही, पुढच्या आठवड्यात नाही. बुधवारी. सही मी करणार आहे, तुमचं म्हणणं असेल तर येऊन सांगा. नाही आलात तर यादीत आहे तेच नाव लागेल. काय? हो, हाडांचा विभाग." पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. बाईंनी फोन कानापासून थोडा लांब धरला, तो आवाज संपू दिला आणि म्हणाल्या, "मग तीनला भेटू." ठेवताना त्यांचा चेहरा एखादी खोडी पचलेल्या मुलीसारखा झाला होता. त्यांनी लगेच दुसरा नंबर फिरवला.

सातवा फोन संपेपर्यंत साखरताईच्या हातात एकशे वीस पाट्यांच्या यादीवर बाईंची सही होती. खाली तारीख. अध्यक्षांना आपण आजच कळवतो, असं त्या म्हणाल्या. आयत्या वेळी कळण्यापेक्षा आता ऐकवून घेतलेलं बरं.

परतीच्या गाडीत मालकांनी आधी काच खाली केली. मग म्हणाले, "ताई, मला वाटलं होतं त्या आपल्याला हाकलून देणार." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "काकांचा हात कसा आहे आता?"

"तुम्ही विचारा ना त्यांना," साखरताई म्हणाली. गोड नाही आणि कडूही नाही, नुसतं म्हणाली.

संध्याकाळी साडेपाचला ती मागे वर्कशॉपमध्ये गेली. काका पत्र्याच्या कडा कानशीनं घासत होते. तिला पाहून त्यांनी कानस खाली ठेवली नाही.

"अठरा तारीख," ती म्हणाली. "दिवसा. रविवार सोडून. हॉस्पिटलनं मान्य केलंय, सही आहे. निम्म्याच्या वर पाट्यांचा मजकूर आत्ता घेऊन आलेय, बाकी बुधवारी संध्याकाळी."

काकांनी कागद घेतला, दिव्याखाली धरला, सही पाहिली. कागदावर त्यांचा विश्वास नसे, पण सहीवर थोडाफार असे.

"चिडले का फार?"

"नाही."

"मालक?"

"तेही नाही. शेवटी तेही नाही होणार म्हणाले."

"मालक नाही म्हणाले?" काकांनी पहिल्यांदाच कानस खाली ठेवली. "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

ती हसली. तेही हसले. मग त्यांनी फर्निचरवाल्यांना फोन लावून, आपण येत नाही, असं चार शब्दांत सांगून टाकलं, आणि साखरताईला एकदम रडूच आलं. तिनं ते आलंय असं दाखवलं नाही, पण काकांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"किती वेळ लागला गं बोलायला?" त्यांनी सहज विचारलं.

"जायला यायला धरून?"

"नाही. नुसतं बोलायला. चौदाची अठरा व्हायला."

तिनं आठवून पाहिलं. "वीस मिनिटं. फार तर पंचवीस."

"वीस मिनिटं," काका म्हणाले.

त्यांनी कागद पुन्हा दिव्याखाली धरला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखाद्या पाटीची लांबी मोजून बघावी तसे ते ते शब्द मनाशी मोजत होते.

"म्हणजे कॉलेजच्या वेळीही वीसच मिनिटं लागली असती."

"हो काका," साखरताई म्हणाली. याहून गोड असं तिच्याकडे काहीच नव्हतं.